दहा उंडे, साडेनऊ घरात: मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला बाबांनी कॅप्शन कसं लिहावं

मुलाचा दहावा वाढदिवस जवळ आला की बाबांच्या हातात फोटो भरपूर असतात, शब्द मात्र एकाच साच्याचे. “माझा श्वास, माझा अभिमान, उदंड आयुष्य लाभो” हे शब्द वर्तमानपत्रातल्या वाढदिवसाच्या जाहिरातींतून सरळ फोनवर आले आहेत. त्यात खोटं काही नाही. पण त्या ओळीखाली शेजारच्या मुलाचा फोटो लावला तरी ती तितकीच बसते, आणि नेमकी हीच तिची अडचण आहे. कॅप्शन वाचून लोकांना हसू यावं, थोडं आत कुठेतरी लागावं आणि मुलाला मात्र लाज वाटू नये, असं हवं असेल तर ते प्रसंगावरून लिहावं लागतं. विशेषणांनी ते काम होत नाही. खाली गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या कुठल्याही घरात घडू शकेल असं एक उदाहरण घेऊन, कोऱ्या कागदापासून पोस्ट टाकेपर्यंतची सगळी वाट दाखवली आहे.

आधी आठ दिवस नुसतं टिपायचं

वाढदिवसाच्या रात्री अकरा वाजता फोन हातात घेऊन लिहायला बसलं की साचाच आठवतो, कारण डोक्यात दुसरं काही जमा झालेलं नसतं. म्हणून आठवडाभर आधीपासून फोनच्या नोट्समध्ये रोज एक-दोन ओळी टिपून ठेवाव्यात. तीन प्रकारच्या गोष्टींकडे लक्ष द्यावं: मुलगा वारंवार काय बोलतो, हातापायांनी काय करतो, आणि गेल्या वर्षभरात त्याच्यात काय बदललं. तिसरा प्रकार बहुतेक बाबांच्या नजरेतून सुटतो. दहाव्या वर्षाची खरी माया मात्र तिथेच सापडते, कारण या वयात मुलगा अर्धा लहान आणि अर्धा मोठा असतो, आणि ही अदलाबदल रोजच्या बारीकसारीक गोष्टींत दिसते.

टिपताना क्रियापद असलेलं वाक्य लिहावं. “खूप खोडकर आहे” असं टिपलं तर पुढे त्यातून काहीच निघत नाही. “चप्पल न घालता पळतो” असं टिपलं तर निघतं. टिपायला उत्तम वेळ म्हणजे संध्याकाळी पाववाला पोदेर उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन येतो ती, स्कूटरवर मागे बसून तो बडबडत असतो ती, आणि जेवणाच्या ताटावरची. मुलगा त्या वेळी कुणासाठी वागत नसतो.

आपल्या उदाहरणातल्या बाबांच्या आठवड्याअखेरच्या नोंदी अशा आहेत:

पोदेराचा भोंपू वाजला की अनवाणी बाहेर धावतो.
दहा उंडे आणायला पाठवला की एक अर्धा होऊन येतो.
फुटबॉलमध्ये गोलकीपरच व्हायचंय, कारण “धावावं लागत नाही”.
चवथीच्या माटोळीला काय काय बांधायचं ती यादी तोंडपाठ.
भागाकार अजून चुकतो.
रात्री पॅसेजमधला दिवा बंद करू देत नाही.
परवा दारातच उंड्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, “आईक सांगूं नाका.”

सात नोंदी पुष्कळ झाल्या. यांतली एकच कॅप्शनमध्ये जाणार आहे, फार तर दोन.

मग खोडायचं

खोडताना पहिला प्रश्न असा: ही गोष्ट त्याच्या वर्गातल्या मुलांनी वाचली तर? दहा वर्षांच्या मुलाचं स्वतःचं खातं नसतं. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर किमान वय १३ आहे. तरीही कॅप्शन त्याच्यापर्यंत आणि त्याच्या मित्रांपर्यंत पोचतंच, कारण वर्गातल्या मुलांच्या आया एका व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात आणि मुलं आईच्या फोनमध्ये डोकावतात. गावात तर दुसऱ्या दिवशी दुकानदारही त्याला चिडवतो. म्हणून भागाकार आणि पॅसेजचा दिवा या दोन नोंदी लगेच जातात. मार्क, वजन, उंची, भीती, रडणं, अंथरुणाच्या गोष्टी, एखाद्या मुलीचं नाव आणि भावंडाशी तुलना यांतलं काहीही कॅप्शनमध्ये नको, ते कितीही गोड वाटलं तरी. मोठ्यांना जे निरागस वाटतं ते दहा वर्षांच्या मुलाला पुढचे सहा महिने मधल्या सुट्टीत ऐकावं लागतं.

चिडवायला सुरक्षित काय? त्याचे हट्ट, त्याचा युक्तिवाद, त्याची वाटाघाट, त्याची आवड. यांत मुलगा हुशार दिसतो आणि हसू प्रसंगाचं येतं. उंडा खाणारा मुलगा या कसोटीला उतरतो. अर्धा उंडा खाल्ला म्हणून कुठलाही मित्र त्याला हिणवणार नाही. उलट तोही तेच करतो.

दुसरा प्रश्न: ही गोष्ट दुसऱ्या मुलाला लागू पडते का? गणपतीवर टांगायच्या माटोळीची यादी छान आहे, पण चवथीच्या दिवसांत ती अनेक घरांतल्या मुलांना पाठ असते, आणि वाढदिवस चवथीपासून दूर असला तर ती ओळ उगाच लांबून आणल्यासारखी वाटते. गोलकीपरची नोंद मात्र मजेशीर आहे. पोदेरामागे अनवाणी धावणारा मुलगा मैदानावर धावावं लागू नये म्हणून गोलपोस्टमध्ये उभा राहतो, ही जोडी वाचताना हसू येतं. तरीही या दोन्ही नोंदी बाजूला ठेवाव्यात. दोन विनोद शेजारी ठेवले की वाचणारा दोन्हींची तुलना करतो आणि ज्या मायेसाठी हे सगळं लिहायचं, तिला जागाच उरत नाही. त्या फोनमध्ये राहू द्या, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील.

राहिल्या दोन नोंदी: अर्धा झालेला उंडा, आणि दारात हातावर ठेवलेला तुकडा. पहिलीत विनोद आहे, दुसरीत माया. दोन्ही एकाच गोष्टीच्या आहेत, हे सगळ्यांत महत्त्वाचं. विनोद फुटबॉलचा आणि माया आजारपणातल्या रात्रीची असं केलं की मध्ये सांधा दिसतो, आणि वाचणाऱ्याला आता भावुक व्हायचंय अशी सूचना मिळते.

पहिला मसुदा, आणि तो का फसतो

नोंदी हातात असूनही बहुतेकांचा पहिला मसुदा असा उतरतो:

> आज माझ्या लाडक्या मुलाचा दहावा वाढदिवस. बघता बघता दहा वर्षं कशी गेली कळलंच नाही. तू आमच्या आयुष्यात आलास आणि घर आनंदाने भरून गेलं. तुला उत्तुंग यश आणि निरोगी, उदंड आयुष्य लाभो हीच देवाचरणी प्रार्थना.

चार वाक्यं झाली आणि मुलगा कुठेच दिसला नाही. वर्षं भुर्रकन गेली, घर भरलं, प्रार्थना केली, हे सगळं बाबांविषयी आहे. आशीर्वाद द्यायचेच असतात, आणि त्यांची जागा ठरलेली आहे. संध्याकाळी पाटावर बसवून औक्षण करताना ते तोंडाने, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून द्यावेत. तिथे “उदंड आयुष्य लाभो” या शब्दांना पूर्ण वजन असतं. तेच शब्द फोटोखाली आले की त्यावरून नजर घसरते.

दुसऱ्या मसुद्यात नोंद येते, पण विनोद समजावून सांगितला जातो:

> आमच्या खोडकर बाळाला पोदेराचे गरमागरम उंडे खूप आवडतात. आणायला पाठवलं की घरी येईपर्यंत हा अर्धा उंडा खाऊनच टाकतो, हाहाहा! असाच हसत-खेळत राहा, बाळा.

यात तीन चुका आहेत. “खोडकर” म्हणून निकाल आधीच सांगून टाकला, त्यामुळे पुढचं वाक्य नुसता पुरावा होऊन बसलं. “हाहाहा” लिहून वाचणाऱ्याच्या आधी लिहिणारा हसला. आणि दहा वर्षांच्या मुलाला चारचौघांत “बाळ” म्हटलं. घरात आई त्याला बाळ म्हणेलही, मित्रांसमोर त्याला ते चालत नाही. गोव्यात “बाबू” हा शब्द सोपा पडतो. त्यात प्रेम आहे आणि वयाचं बंधन नाही, पन्नाशीतल्या माणसालाही थोरले बाबू म्हणतात. “युवराज”, “राजकुमार”, “सुपुत्र”, “आमचे चिरंजीव” हे शब्द बॅनरवर शोभतात. कॅप्शनमध्ये आले की बाबांचा आवाज जातो आणि निवेदकाचा येतो.

हसू कुठल्या शब्दावर येतं

मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, आणि विनोदाच्या वाक्यात हेच सांभाळावं लागतं. चकित करणारा शब्द वाक्याच्या आरंभी आला तर पुढचं सगळं वाक्य रिकामं चालत राहतं. “साडेनऊच उंडे घरी पोचतात, जरी आम्ही पोदेराकडून दहा आणायला सांगितले तरी” यात हसू दुसऱ्याच शब्दावर येऊन गेलं, उरलेले आठ-नऊ शब्द ओझं झाले. तेच असं फिरवा:

> पोदेराकडून दहा उंडे आणायला सांगितले की घरात साडेनऊ येतात.

“साडेनऊ” हा शब्द शेवटून दुसरा आहे. त्यानंतर “येतात” एवढं छोटं, बिनमहत्त्वाचं क्रियापद. वाचणारा हसतो आणि वाक्य संपतं. अर्धा उंडा कुठे गेला, कुणी खाल्ला, हे लिहिलेलंच नाही. ते वाचणाऱ्याने स्वतः ओळखायचं आहे, आणि ओळखलं की ते हसू त्याचं स्वतःचं होतं. ज्याने पोदेराच्या टोपलीतला गरम उंडा हातात धरलाय त्याला वरची कुरकुरीत कड तोडण्याचा मोह काय असतो हे सांगावं लागत नाही.

आकड्यांचीही एक सोय झाली आहे. उंडे दहा आहेत आणि वाढदिवसही दहावा. हे मुद्दाम दाखवून द्यायचं नाही. “दहा वर्षांचा झालास आणि उंडेही दहा” असं लिहिलं की योगायोग मोडतो. नुसतं “दहा” पहिल्या वाक्यात पडू द्यावं, शेवटी त्याचा उपयोग होणार आहे.

तो आणि तू

मुलाविषयी लिहायचं की मुलाला लिहायचं, हे आधी ठरवावं लागतं, आणि बरीच कॅप्शनं इथेच डळमळतात. पहिल्या वाक्यात “माझा मुलगा”, दुसऱ्यात “तू”, तिसऱ्यात पुन्हा “त्याला”. वाचणाऱ्याला आपण कुणाचं बोलणं ऐकतोय तेच कळत नाही. दोन्ही वापरता येतात, फक्त वळण एकदाच घ्यावं. विनोद “तो”मध्ये चांगला चालतो, कारण तेव्हा बाबा आणि वाचणारे एका बाजूला बसून मुलाकडे पाहत असतात. माया “तू”मध्ये चालते. म्हणून विनोदाचा भाग संपला की परिच्छेद तोडून “तू”कडे वळावं आणि मग शेवटपर्यंत तिथेच राहावं. आपल्या उदाहरणातल्या पहिल्या परिच्छेदात तर “तो”सुद्धा लिहायची गरज पडत नाही, उंडे आपोआप कमी होतात.

मुलाला “तुम्ही” किंवा “आपण” म्हणू नये. लाडाने म्हणायची घरात सवय असली तरी फोटोखाली ते कृत्रिम दिसतं.

माया सांगायची तर घडलेलं लिहायचं

मायेच्या भागात लोक सर्वांत जास्त शब्द खर्च करतात. खरं तर तिथे सर्वांत कमी लागतात. प्रेम, अभिमान, काळीज, जीव हे शब्द टाळावेत आणि मुलाने केलेली एक कृती, जशी झाली तशी, लिहावी. तो तुकडा हातावर ठेवणं ही ती कृती. त्यात काय बदललंय पाहा. कालपर्यंत जो मुलगा एकटा खात होता त्याने आज बाबांना कटात सामील करून घेतलं. दहावं वर्ष यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही, आणि “किती समजूतदार झालास रे” असं लिहिलं तर ते तिथेच संपेल.

मुलगा जे बोलला ते त्याच भाषेत ठेवावं. गोव्यातल्या अनेक घरांत लिहायचं मराठीत आणि बोलायचं कोकणीत, असं सहज चालतं. “आईक सांगूं नाका” याचं मराठी करून “आईला सांगू नका” लिहिलं तर मुलाचा आवाज जातो, आणि “नका” वाचून तो बाबांना अहो-जाहो करतोय असंही वाटतं. मुलगा शाळेत इंग्रजीत बोलत असेल आणि तेच वाक्य इंग्रजीत म्हणाला असेल तर ते देवनागरीत तसंच लिहावं. बोललेलं वाक्य एकच असावं, तेही छोटं.

पूर्ण कॅप्शन

> पोदेराकडून दहा उंडे आणायला सांगितले की घरात साडेनऊ येतात. अर्ध्याचा हिशोब आजवर कोणी दिलेला नाही.
>
> परवा मात्र दारातच तू त्या अर्ध्यातला अर्धा माझ्या हातावर ठेवलास. “आईक सांगूं नाका,” म्हणालास.
>
> सांगितलेलं नाही. फक्त लिहिलंय.
>
> दहा वर्षं पूर्ण झाली, बाबू. उद्यापासून अकरा उंडे आणू.

इथे “वाढदिवस” आणि “शुभेच्छा” हे दोन्ही शब्द नाहीत. “दहा वर्षं पूर्ण” म्हटल्यावर कुणाला शंका उरत नाही, आणि शुभेच्छा लोक खाली देणारच आहेत. “अकरा उंडे” हे वाक्य दोन कामं करतं. अर्ध्याचा प्रश्न बाबांनी आपल्या परीने सोडवला, आणि मुलाला अकरावं वर्ष लागलं, हे दोन्ही त्यात आलं.

या अकराच्या हिशोबात पुष्कळांची गल्लत होते. दहाव्या वाढदिवसाला मुलाची दहा वर्षं पूर्ण होतात आणि अकरावं लागतं. “दहाव्या वर्षात पदार्पण” असं लिहिलं तर तो नववा वाढदिवस होतो. “पदार्पण” भारदस्त वाटतं म्हणून हे वाक्य सर्रास वापरलं जातं आणि कुणीतरी काका खाली येऊन दुरुस्ती करतात. “दहा वर्षं पूर्ण” किंवा “अकरावं लागलं” यांपैकी एक लिहावं.

मधलं “सांगितलेलं नाही. फक्त लिहिलंय” हे आईवर अवलंबून आहे. ती वाचणार, म्हणूनच ते मजेदार आहे. त्यामुळे आईला आधी दाखवावं. कॅप्शनमध्ये आई नेहमी ओरडणारी आणि बाबा नेहमी मित्र, अशी वाटणी झाली तर वाचायला सोपं जातं पण घरात बरं दिसत नाही. इथे आईने कुणाला रागावलेलं नाही, तिच्यापासून फक्त एक उंड्याचा तुकडा लपवला आहे. एवढं चालतं.

फोनवर किती दिसतं

इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फोटोखाली सुरुवातीच्या साधारण दोन ओळीच दिसतात. त्यापुढचं वाचायला बोट लावावं लागतं. हा तुकडा साधारण १२५ अक्षरांचा धरतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी अक्षरं म्हणून मोजली जातात. “उंडे” डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, फोन तो चार मोजतो. “अर्ध्याचा” तर नऊ भरतो. आपल्या कॅप्शनचं पहिलं वाक्य ५७ आणि पहिली दोन मिळून ९६ होतात, म्हणजे विनोद पूर्ण दिसतो आणि पुढे काय हे पाहायला लोक बोट लावतात. “आज माझ्या लाडक्या मुलाचा” ने सुरुवात केली तर ही सगळी जागा कुणालाही न वाचता माहीत असलेल्या मजकुरात जाते.

व्हॉट्सॲपच्या नुसत्या मजकुराच्या स्टेटसला ७०० अक्षरांची मर्यादा आहे. हे कॅप्शन तीनशेच्या आतबाहेर असल्यामुळे तिथेही मावतं, पण स्टेटस २४ तासांत जातं. नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, त्यानंतर नाही. म्हणून पाठवल्याबरोबर एकदा वाचून घ्यावं. फोनचा कीबोर्ड “उंडे”च्या जागी “अंडे” सुचवू शकतो, ते न पाहता पाठवलं की अख्खी गोष्ट कोंबडीवर जाते. “शुभेच्छा” लिहायचाच असेल तर “च्छा” नीट पाहावा, “शुभेच्या” हे फार दिसतं. “वाढदिवस” एक शब्द आहे, मध्ये जागा सोडू नये.

फोटो आणि काय उघड होतं

केक कापतानाचा फोटो सगळ्यांकडे असतो आणि या कॅप्शनखाली तो चालेलही. पण उंड्यांची पिशवी हातात धरून फाटकातून आत येणारा मुलगा मिळाला तर जास्त चांगलं. फोटोत जे दिसतं ते कॅप्शनमध्ये पुन्हा लिहू नये. फोटोत पिशवी असली तर कॅप्शन जसंच्या तसं ठेवावं, “ही बघा पिशवी” असं जोडू नये.

शाळेच्या गणवेशातला फोटो टाळावा. खिशावरचं बोधचिन्ह, बॅगेवरचं नाव, स्कूलबसचा नंबर यांवरून मुलगा कुठे असतो ते कुणालाही कळतं. कॅप्शनमध्येही रोजची वेळ आणि जागा नको. मुलगा चोडणहून रायबंदरला फेरीने शाळेत जात असेल तर फेरीचा प्रसंग लिहिता येईल, कितीची फेरी ते लिहू नये. पोदेर संध्याकाळी येतो हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे, त्याने काही उघड होत नाही. “तिठ्यावरच्या पिंपळाखाली रोज साडेपाचला” असं लिहिलं तर होतं.

जन्मतारखेचंही असंच. वाढदिवसाच्याच दिवशी “दहा वर्षं पूर्ण” असं टाकलं की पूर्ण जन्मतारीख, वर्षासकट, जगजाहीर होते. खातं फक्त ओळखीच्या लोकांपुरतं असेल तर हरकत नाही. सगळ्यांना खुलं असेल तर पोस्ट दोन-तीन दिवसांनी टाकावी आणि “उद्यापासून” ऐवजी “आता” लिहावं, किंवा इन्स्टाग्रामवर जवळच्या मित्रांची यादी करून तेवढ्यांनाच दाखवावी. मुलाचं पूर्ण नाव आणि शाळेचं नाव हॅशटॅगमध्ये टाकण्याची पद्धत सोडून द्यावी, त्याने शुभेच्छा वाढत नाहीत, फक्त अनोळखी माणसाला शोधणं सोपं होतं.

बाबा बोटीवर किंवा आखातात असतील तर

गोव्यातल्या कितीतरी मुलांचा दहावा वाढदिवस बाबा तार्वोटी म्हणून जहाजावर असताना येतो, किंवा कुवेत-दुबईत असताना. अशा बाबांना मुलाचं रोजचं वागणं दिसत नाही, आणि मग कॅप्शन “तुझी खूप आठवण येते” इथे अडकतं. ते खरं असतं, पण मुलगा ते रोज फोनवर ऐकतोच. इथेही जे डोळ्यांनी दिसतं तेच लिहावं. व्हिडिओ कॉलवर दिसणारा मुलगा ही स्वतंत्र गोष्ट आहे:

> गेलं वर्षभर व्हिडिओ कॉलवर मला तुझं फक्त कपाळ दिसतंय. हल्ली भुवयाही दिसायला लागल्या आहेत. एकतर तू मोठा झालास, नाहीतर फोन नीट धरायला शिकलास. डिसेंबरात घरी येऊन खात्री करतो. तोवर दहा वर्षांच्या कपाळाला एक पापी.

यात विरह हा शब्द नाही, पण डिसेंबर आहे. सुट्टी मंजूर झालेली नसेल तर महिना लिहू नये. मुलगा ती ओळ पाठ करतो आणि दिवस मोजतो, त्यामुळे “यायचं नक्की झालं की पहिलं तुला कळवतो” एवढंच लिहावं. पापीवर मुलाची हरकत असेल तर ती काढून “कपाळाला सलाम” करावं. दहाव्या वर्षी दोन्ही मतांचे मुलगे सापडतात.

टाकण्यापूर्वी मुलाला वाचून दाखवा

आदल्या रात्री, आईसमोर, कॅप्शन मोठ्याने वाचावं. “टाकू का?” विचारून तो काय म्हणतो यापेक्षा वाचताना काय करतो ते पाहावं. हसून नजर वळवली, “पप्पा, असं नव्हतं, मी थोडाच खाल्लेला” अशी तपशिलाची दुरुस्ती केली, तर कॅप्शन पास. ती दुरुस्ती चांगली असेल तर घालावी. “कोण कोण बघणार?” असं विचारलं तर कुठलीतरी ओळ टोचली आहे. कुठली ते विचारावं आणि तेवढी काढावी, समजूत घालत बसू नये. सगळंच नको म्हणाला तर मुलाविषयी न लिहिता फक्त बाबांविषयी लिहिता येतं: “दहा वर्षांपूर्वी मला लंगोट कसा बांधायचा माहीत नव्हतं. आता मला ऑफसाइडचा नियम येतो. शिक्षक तोच.” यात मुलाचं काहीच उघड झालं नाही आणि मान त्याचा राहिला.

लंगोटाची ओळसुद्धा त्याला चालते का ते विचारावं, काही मुलांना तीही चालत नाही.

पोस्ट टाकल्यावर खाली “अगदी बापावर गेलाय” वगैरे येईल, तिथे मुलाच्या आणखी गमती सांगायचा मोह होतो. जे कॅप्शनमधून खोडलं ते उत्तरांत परत आणू नये, पॅसेजचा दिवा तिथेही दिवाच आहे. नातेवाइकांपैकी कुणी मार्कांची किंवा वजनाची चौकशी केली तर ती टिप्पणी काढून टाकावी आणि त्यांना फोन करावा. पुढे कधी, बाराव्या-तेराव्या वर्षी, मुलगा ती पोस्ट काढ म्हणाला तर इन्स्टाग्रामवर ती न पुसता संग्रहात हलवता येते. मग ती फक्त तुम्हाला दिसते, आलेल्या प्रतिक्रियांसकट, आणि दोघांना हवं झालं तर परत बाहेर आणता येते.